नायट्याची कड आणि खिडकीतला उजेड



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांच्या केसपेपरवर माणसाच्या आकृतीची दोन चित्रं छापलेली असत, एक पुढून आणि एक मागून. रुग्ण तपासून झाला की ते पेन्सिलीने त्यावर चट्टे काढत आणि शेजारी तारीख टाकत. पुढच्या खेपेला नवा चट्टा जुन्याच्या बाहेर गेला आहे की आत आला आहे, हे त्यांना त्या रेषांवरून सांगता येई. आज तेच काम रुग्णाच्या घरच्या मोबाइलवर आलं आहे. माझ्याकडे रोज फोटो येतात, आणि त्यातल्या बऱ्याच फोटोंवरून मला उपचाराचा निर्णय घेता येत नाही. पेन्सिल घेतलेला माणूस काय पाहायचं ते ठरवून रेघ ओढतो. मोबाइल मात्र समोर येईल ते, असेल त्या उजेडात टिपतो. म्हणून फोटो काढण्यापूर्वी त्यात काय दिसायला हवं, हे काढणाऱ्याला माहीत असलं पाहिजे. आज मी एकाच आजाराबद्दल बोलणार आहे, तो म्हणजे नायटा. आपल्याकडे त्याला गजकर्ण किंवा नुसतंच फंगल असंही म्हणतात.

त्वचारोगांचे फोटो काढण्याची परंपरा जुनी आहे. पॅरिसच्या सें-लुई रुग्णालयातले आर्दी आणि मोंमेजा यांनी 1868 साली त्वचारोगांच्या छायाचित्रांचा एक संग्रह प्रसिद्ध केला. तेव्हाचे फोटो रंगहीन असत, म्हणून त्यांवर हाताने रंग भरला गेला. त्वचेच्या आजारात रंग हवा असतो आणि छायाचित्रातल्या रंगावर सहज विसंबता येत नाही, ही अडचण तेव्हापासूनची आहे. नायट्यात ती दुप्पट होते. का, ते सांगतो.

नायट्याची बुरशी त्वचेच्या अगदी वरच्या, मृत थरात वाढते. एका जागी सुरू होऊन ती चहूबाजूंनी बाहेर सरकते, आणि तिच्याविरुद्धची शरीराची झुंज चाललेली असते तीही त्या बाहेरच्या रेषेवरच. म्हणून चट्ट्याचा मधला भाग निवळतो आणि कड उठावदार, कोंडा सुटणारी, लालसर राहते. गोऱ्या त्वचेवर ही लाली लाल दिसते. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर ती तपकिरी, करडी, कधी जांभळट दिसते. रुग्ण आधी मेडिकल दुकानात जातो आणि तिथून एक मलम आणतो. त्यात बुरशीवरचं औषध असतं, जिवाणूंवरचं असतं, आणि बहुतेक वेळा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं तीव्र स्टिरॉइडही असतं. स्टिरॉइड शरीराची झुंज दाबतं. दोन-तीन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, रुग्णाला बरं वाटतं. बुरशी मात्र जिवंत असते, आणि आता तिला अडवणारंही कोणी नसतं. मलम थांबलं की चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन परत येतो.

याच्या नेमकं उलटही घडतं. योग्य औषधाने बुरशी पूर्ण मेल्यावरसुद्धा आपल्या त्वचेवर तिथे काळा डाग उरतो, आणि तो कित्येक महिने टिकतो. तो डाग पाहून रुग्ण म्हणतो, डॉक्टर, अजून गेलं नाही हो. आणि पुन्हा ते मलम लावतो.

म्हणजे नायट्यात रंग दोन्हीकडून फसवतो. आजार असताना तो गेला असं वाटायला लावतो आणि आजार गेल्यावर तो आहे असं भासवतो. प्रगती मोजायची ती कडेवरून. कड उठलेली आहे का, तिच्यावर कोंडा आहे का, ती बाहेर सरकली की जागीच आहे, आणि ती सलग आहे की तुटली, हे पाहायचं. घरी फोटो काढायची सगळी पद्धत यातूनच ठरते.

आता उजेड. सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान, जिच्यातून थेट ऊन आत येत नाही अशी खिडकी निवडा. ऊन येत असेल तर पांढरा पातळ पडदा ओढा. रंगीत पडदा नको, तो त्वचेवर आपला रंग टाकतो. त्या वेळी खोलीतली ट्यूब आणि दिवे बंद करा. खिडकीतला उजेड निळसर आणि बल्बचा पिवळा असतो, दोन्ही एकत्र आले की मोबाइल कोणत्या उजेडाशी जुळवून घ्यायचं या गोंधळात पडतो आणि त्वचा भलत्याच रंगाची दाखवतो. फ्लॅश लावू नका. फ्लॅशचा उजेड कॅमेऱ्याच्या जवळून, सरळ समोरून येतो. त्याने सावल्या मिटतात आणि सावल्यांबरोबर कडेचा उठावही मिटतो. वर घामट किंवा तेलकट त्वचेवर पांढरी चकाकी येते ती वेगळीच.

प्रत्येक चट्ट्याचे उजेडाच्या दिशेनुसार दोन फोटो मला हवे असतात. पहिल्यात चट्टा खिडकीकडे तोंड करून असावा. फोटो काढणाऱ्याने खिडकीच्या बाजूला थोडं सरून उभं राहावं, म्हणजे त्याची सावली पडणार नाही. या फोटोत रंग कळतो. दुसऱ्यासाठी रुग्णाने काटकोनात वळावं, म्हणजे उजेड एका बाजूने त्वचेवरून घासत जाईल. या तिरप्या उजेडात कडेची उंची आणि कोंड्याचे बारीक पापुद्रे उभे राहतात. समोरच्या उजेडात साधा तपकिरी डाग वाटणारा चट्टा तिरप्या उजेडात जिवंत नायटा निघतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. दोहोंपैकी एकच फोटो काढायला वेळ असेल तर तिरप्या उजेडातला काढा, असंच मी रुग्णांना सांगतो.

पावसाळ्यात काय करायचं, असं कोकणातले रुग्ण विचारतात. ढगाळ दिवसाचा उजेड मऊ असतो, रंगासाठी तो चांगलाच. तो कमी पडतो एवढंच, म्हणून खिडकीच्या अगदी जवळ जा आणि मोबाइल धरलेल्या हाताचं कोपर टेबलावर किंवा खुर्चीच्या पाठीवर टेकवा.

कॅमेऱ्याबद्दल थोडं. काच सुती कापडाने पुसा. खिशातल्या मोबाइलच्या काचेवर बोटांचं तेल असतं आणि त्याने सगळा फोटो धुकट होतो. मागचा मुख्य कॅमेरा वापरा, सेल्फीचा नको. चेहरा गुळगुळीत करणारी ब्यूटी सुविधा पूर्ण बंद करा, कारण ती जे पुसून टाकते तोच आमच्या कामाचा पुरावा असतो. पोर्ट्रेट आणि नाइट मोडही नकोत. एका चट्ट्याचे तीन अंतरांवरून फोटो घ्या. पहिला साधारण एक मीटरवरून, ज्यात चट्टा शरीरावर नेमका कुठे आहे ते कळेल. दुसरा हात-दीड हातावरून, ज्यात पूर्ण चट्टा आणि भोवतालची निरोगी त्वचा येईल. तिसरा कडेचा, जवळून. जवळच्या फोटोत लोक मोबाइल इतका पुढे नेतात की कॅमेऱ्याला नीट पाहताच येत नाही. त्यापेक्षा वीतभर मागे या आणि दुप्पट झूम करा. पडद्यावर चट्ट्याच्या कडेवर बोट टेकवा, म्हणजे कॅमेरा तिथे नजर रोखेल आणि उजेडही त्या जागेप्रमाणे ठरवेल. मागे पांढरीशुभ्र चादर असेल तर त्वचा काळवंडून येते, काळी असेल तर ती जास्त उजळ दिसते. फिक्या निळ्या किंवा राखाडी रंगाचं साधं कापड बरं. काढलेला फोटो तिथल्या तिथे मोठा करून पाहा. अंगावरची लव आणि त्वचेच्या बारीक रेघा दिसल्या तर फोटो चालेल. त्या दिसत नसतील तर मला कोंडाही दिसणार नाही, तेव्हा पुन्हा काढा.

त्वचाही तयार हवी. आंघोळीनंतर लगेच काढू नका, गरम पाण्याने आणि घासल्याने अर्धा तास लाली राहते. मलम किंवा पावडर लावण्याआधी काढा. तेल किंवा मलम कोंडा चिकटवून ठेवतं आणि कड गुळगुळीत भासते. खाज जावी म्हणून लिंबू, हळद किंवा चुना लावलेला असेल तर तसं लिहून कळवा, कारण त्याने होणारी भाज वेगळी दिसते.

आणि एक कागदाची पट्टी. साध्या पांढऱ्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापा. फूटपट्टीवरून तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा करा, तारीख आणि जागा लिहा. नाव लिहू नका. ही पट्टी चट्ट्याशेजारी त्वचेला लागून ठेवा. पुष्कळ जण मापासाठी नाणं ठेवतात, पण एकाच किमतीची नाणी वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या आकाराची निघाली आहेत. पट्टी माप देते, तारीख देते, आणि तिचा पांढरा कागद उजेडाची साक्ष देतो. फोटोत कागद पिवळा दिसला तर त्वचेचा रंगही तितकाच पिवळ्याकडे झुकलेला आहे, हे मला ताबडतोब कळतं.

आता दुसरी बाजू, आजाराचा इतिहास. फोटोत स्टिरॉइड दिसत नाही, ते कागदावरच कळतं. एक पान घ्या आणि तारखांच्या क्रमाने लिहा. पहिला चट्टा कधी आणि कुठे उठला, मग काय लावलं, किती दिवस, त्याने काय झालं, कधी थांबवलं, परत कधी आलं. मलमाचं नाव लिहिण्यापेक्षा ट्यूबच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा, विशेषतः बारीक अक्षरातल्या घटकांच्या यादीचा. जवळपास सारख्या नावांच्या दोन ट्यूबमध्ये स्टिरॉइड वेगळं असू शकतं, म्हणून रिकामी झालेली ट्यूब फेकू नका. 2018 साली केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमांना शेड्यूल एच लागू केलं, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरीही ती मागितली की मिळतात, आणि मागणाऱ्याला त्यात स्टिरॉइड आहे हे ठाऊक नसतं. त्यामुळे तुम्ही स्टिरॉइड लावलं का, या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर नाही असंच येतं. ट्यूबचा फोटो मागितला की खरं उत्तर मिळतं.

त्याच पानावर घरातल्या आणखी कोणाला खाज आहे ते लिहा. मधुमेह, हृदयाचा किंवा यकृताचा त्रास, गरोदरपण, आणि रोजच्या सगळ्या गोळ्या लिहा, चिठ्ठीशिवाय घेत असलेल्याही. शेवटी दर आठवड्याला खाजेला शून्य ते दहा यांतला एक आकडा द्या. हा आकडा फोटोत नसतो आणि कडेनंतर मी सर्वांत आधी तोच पाहतो.

हे सगळं एका रुग्णाच्या बाबतीत कसं चाललं ते सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. कोल्हापूरजवळच्या एका गावात पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या चाळिशीच्या बाई. दिवसभर चुलीजवळ, घाम, आणि परकराची नाडी जिथे घट्ट बसते तिथे कमरेवर सात महिन्यांपासून खाज. मुलाने पाठवलेला पहिला फोटो रात्रीचा, ट्यूबखाली, फ्लॅशसह. त्यात एक गुलाबी, गुळगुळीत, अस्पष्ट डाग होता. तो नाडीच्या घासण्याने झालेला इसबही असू शकला असता. मी त्याला मघाशी सांगितली ती पद्धत लिहून पाठवली.

दोन दिवसांनी सकाळचे फोटो आले. तिरप्या उजेडातल्या फोटोत नऊ सेंटिमीटर लांब आणि सहा रुंद असा चट्टा होता, कड बारीक पण उठलेली, आणि तिच्या आत दुसरी अर्धवर्तुळाकार कड. वर्तुळात वर्तुळ असा हा नमुना स्टिरॉइड लावलेल्या नायट्यात दिसतो. मलम लावलं की झुंज थांबते, थांबवलं की पुन्हा सुरू होते, आणि प्रत्येक खेपेची एक रेषा मागे उरते. सोबत दोन ट्यूबचे फोटो होते आणि दोन्हींमध्ये क्लोबेटासोल होतं. पानावर लिहिलं होतं, लावलं की चार दिवस बरं, थांबवलं की आठवड्यात परत. ही एक ओळ आणि ती दुहेरी कड एकमेकींना पुरत्या जुळत होत्या. तरीही त्यांना मी जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे कड खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडची तपासणी करायला पाठवलं. त्यात बुरशीचे धागे दिसले. त्वचेचा फोटो कितीही चांगला असला तरी त्यात हे धागे दिसत नाहीत.

गोळी ठरवताना ते पान पुन्हा उपयोगी पडलं. टर्बिनाफाइनला दाद न देणारी बुरशी आपल्याकडे आता खूप आढळते. तिच्यातल्या एका प्रजातीला 2020 साली ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव मिळालं, आणि ते भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून दिलं गेलं. म्हणून मी इट्राकोनाझोलचा विचार करत होतो. त्याची कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यावी लागते आणि ती पोटातल्या आम्लाशिवाय नीट शोषली जात नाही. बाईंच्या पानावर शेवटी मुलाने लिहिलं होतं, आई रोज सकाळी पित्ताची गोळी घेते. ती पँटोप्राझोल होती आणि वर्षभर सवयीने चालू होती. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून ती थांबवली, यकृताची तपासणी करून घेतली, हृदयविकार नाही याची खात्री केली, आणि मगच कॅप्सूल सुरू केली. ती ओळ नसती तर औषध पोटात जाऊनही अंगी लागलं नसतं आणि मी त्याचा दोष बुरशीला दिला असता.

दर चौदा दिवसांनी फोटो ठरले. तीच खिडकी, तीच वेळ, बेंबी फोटोच्या त्याच कोपऱ्यात, आणि अंतरासाठी मोबाइल धरलेल्या हातापासून त्वचेपर्यंत पोहोचणारी एक दोरी. काढण्याआधी मुलगा मागचा फोटो उघडून शेजारी ठेवत असे.

दोन आठवड्यांनंतरचा फोटो पहिल्याहून वाईट होता. कड जास्त गडद, चट्टा दहा सेंटिमीटर, खाज सातवरून आठ. हे होणार असं मी त्यांना आधीच सांगितलं होतं. स्टिरॉइड थांबलं की दबलेली झुंज उसळते, आणि नेमक्या या आठवड्यात रुग्ण घाबरून जुनी ट्यूब शोधतो. चौथ्या आठवड्यात कड दोन ठिकाणी तुटली, आतली रेषा नाहीशी झाली, खाज तीन. सहाव्या आठवड्यात मुलाचा घाबरून निरोप आला की पुन्हा लाल झालं आहे. फोटोत चट्टा खरंच तांबूस होता. पण पट्टीचा कागदही लोणी रंगाचा होता. पावसाची संध्याकाळ, आणि फोटो स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली काढलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीपाशी काढलेल्या फोटोत कागद पांढरा आणि चट्टा सपाट तपकिरी आला. आठव्या आठवड्यात तिरप्या उजेडातसुद्धा कड सापडली नाही. खाज शून्य होती. बोट फिरवून खरखर लागते का, हे मी मुलाला नव्हे, बाईंनाच विचारलं, आणि नाही असं उत्तर आलं. काळा डाग होता. औषध त्यानंतरही आणखी काही दिवस चालू ठेवून थांबवलं, आणि पुढचे तीन महिने महिन्यातून एक फोटो मागवला, कारण हा आजार उलटतो तो बहुधा याच काळात.

फोटो पाठवण्याबद्दल दोन गोष्टी. व्हॉट्सअॅपवर नेहमीप्रमाणे पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो आणि कोंड्याचे पापुद्रे त्यातच हरवतात. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलला तारखेने सुरू होणारं नाव द्या, उदाहरणार्थ `2024-06-12_kambar_tirpa.jpg`, म्हणजे सगळे फोटो आपोआप क्रमाने लागतील. फोटोत ठिकाणाची नोंद जात असेल तर ती बंद करा. आणि नायटा जांघेत फार होतो, म्हणून हे स्पष्ट सांगतो: गुप्तांगाचा फोटो डॉक्टरांनी मागितल्याशिवाय पाठवू नका. मागितला तरी जेवढा चट्टा तेवढाच उघडा ठेवा, चेहरा येऊ देऊ नका. घरातला मोबाइल सगळ्यांच्या हातात असतो आणि फोटो आपोआप सामाईक क्लाउडवर चढतात, म्हणून असे फोटो कुलूपबंद फोल्डरमध्ये ठेवा. 25 मार्च 2020 रोजी आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टरांनी फोटोंसह सल्ल्याची नोंद जपायची असते. ते फोटो कुठे ठेवता, असं डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका.

याच सूचनांनुसार, प्रत्यक्ष येऊन दाखवणं आवश्यक आहे असं डॉक्टर किंवा रुग्ण कोणत्याही टप्प्यावर म्हणू शकतो. मी तसं म्हणतो ते प्रामुख्याने फिकट, कोरड्या, न खाजणाऱ्या चट्ट्याच्या बाबतीत. अशा चट्ट्यावर स्पर्श कळतो का, हे कापसाच्या टोकाने तपासावं लागतं, कारण तो कुष्ठरोगाचा असू शकतो, आणि बधिरता कोणत्याही उजेडात फोटोत येत नाही. ताप, फोड, वेदना, किंवा काही तासांत पसरणारी लाली असेल तर फोटो काढत बसू नका. सरळ दवाखाना गाठा.

त्या बाईंच्या पानावर घरात आणखी कोणाला खाज आहे, या प्रश्नापुढे सुरुवातीला नाही असं लिहिलेलं होतं. पाचव्या महिन्यात त्यांच्या कमरेवर दोन सेंटिमीटरचं नवं वर्तुळ उठलं. पहिल्याच आठवड्यात ते तिरप्या उजेडात पकडलं गेलं, ट्यूब न लावता. तेव्हा मी तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी फोनवर, यजमानांना वेगळं घेऊन. त्यांना वर्षभर जांघेत त्रास होता आणि तो सांगायला लाज वाटत होती. टॉवेल एकच, कपडे एकाच बादलीत. मी त्यांच्याकडून एकही फोटो मागितला नाही. ते पुढच्या सोमवारी एसटीने आले, तपासणी झाली, खरवडून पाहिलं, आणि दोघांचे उपचार एकाच दिवशी सुरू झाले.